मागे फिरवलेले मीटर : जुन्या गाडीच्या सौद्यातील असत्य निवेदन

नांदेड किंवा लातूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक पहिल्याने विचारते ते गाडीचे ‘पासिंग’, म्हणजे तिची नोंदणी कुठल्या कार्यालयात आणि कुठल्या साली झाली हे; त्याच्या पाठोपाठ विचारले जाते ते ‘रनिंग’, म्हणजे गाडी आजवर किती किलोमीटर चालली आहे हे. यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेले असते आणि शासनाच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीतून कोणालाही ताडून पाहता येते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र नोंदणी प्रमाणपत्रावर नसते, ते गाडीतील मीटरवरच पाहावे लागते. किंमत ठरवताना दोन्ही उत्तरांना जवळपास सारखेच वजन दिले जात असले तरी त्यांतले एक सहज पडताळता येते आणि दुसरे येत नाही, आणि मीटर मागे फिरवण्याचा धंदा याच फटीतून उभा राहिलेला आहे.

या भागातील गाड्यांच्या वापराचे स्वरूपही या धंद्याला अनुकूल आहे. लातूर ते पुणे हे अंतर एका बाजूने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे भाड्याच्या गाडीने आठवड्यातून दोन फेऱ्या केल्या तरी वर्षाला साठ हजार किलोमीटर सहज ओलांडले जातात. नांदेडहून हैदराबादकडे आणि लातूरहून बिदरकडे जाणाऱ्या गाड्यांचे गणितही फार वेगळे नाही. अशी गाडी चार-पाच वर्षांत दोन-अडीच लाख किलोमीटर चालते, तर त्याच साली घेतलेली एखाद्या डॉक्टरची किंवा शिक्षकाची घरगुती गाडी तेवढ्याच काळात चाळीस-पन्नास हजारांवर थांबलेली असते. धुऊन, पॉलिश करून आणि नवी आसन-कव्हरे चढवून दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या, तर त्यांतला फरक सांगणारी ठळक खूण म्हणजे मीटरवरचा आकडा, आणि नेमका तोच बदलता येतो. भाड्याची गाडी परवाना परत करून खासगी नोंदणीत आणली की तिची पिवळी पाटी जाऊन पांढरी येते, आणि गिऱ्हाइकाने नोंदणीचा पूर्वेतिहास तपासला नाही तर तिचा आधीचा व्यवसाय त्याला कळत नाही.

हा आकडा बदलतो कसा, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा कायदेशीर वाद नीट कळत नाही. जुन्या यांत्रिक मीटरमध्ये गिअरबॉक्सपासून एक केबल निघून ती अंकांच्या चकत्या फिरवीत असे, आणि त्या चकत्या हाताने किंवा ड्रिलने उलट्या फिरवल्या जात. अशा वेळी अंक एका ओळीत न बसणे किंवा मीटरच्या झाकणाच्या स्क्रूवर ओरखडे दिसणे हा पुरावा ठरे. आजच्या गाडीत चाकांजवळच्या किंवा गिअरबॉक्सवरच्या सेन्सरकडून विद्युत स्पंद येतात, चालकासमोरचा मीटर-संच त्यांवरून अंतर मोजतो आणि ते एका लहानशा स्मृती-चिपमध्ये लिहून ठेवतो. ही चिप गाडी बंद झाली तरी आकडा विसरत नाही, परंतु तिच्यावर पुन्हा लिहिता येते. तपासणीसाठी डॅशबोर्डखाली जो ओबीडी सॉकेट दिलेला असतो त्याला उपकरण जोडून, किंवा मीटर-संच बाहेर काढून चिपवर थेट चिमटा लावून, नवा आकडा भरता येतो, आणि त्याला लागणारा वेळ तासाभराहून अधिक नसतो. मीटर खराब झाल्यावर संच बदलताना खरा आकडा भरण्यासाठी ही उपकरणे लागतात, म्हणून त्यांची विक्री उघडपणे चालते.

चिपवरचा आकडा बदलला तरी गाडीतील सगळ्याच नोंदी त्याबरोबर बदलत नाहीत, ही खरेदीदाराच्या बाजूची गोष्ट आहे. अनेक मॉडेलांत इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, ब्रेकची एबीएस यंत्रणा आणि एअरबॅगचा संच हे आपापल्या स्मृतीत अंतराची स्वतंत्र नोंद किंवा निदान बिघाड नोंदवला गेला त्या वेळचे अंतर साठवतात, आणि घाईत काम करणारा कारागीर फक्त समोर दिसणारा आकडा बदलून मोकळा होतो. मीटर एकसष्ट हजार दाखवीत असताना जुन्या बिघाडाची नोंद एक लाख बारा हजारांवरची सापडली, तर तिचे दुसरे स्पष्टीकरण देणे विक्रेत्याला कठीण जाते. मात्र ही सोय सर्व गाड्यांत नसते, आणि मुरलेला कारागीर या नोंदीही पुसतो; म्हणून स्कॅनरला काही सापडले नाही याचा अर्थ आकडा खरा आहे असा होत नाही.

भारतीय करार अधिनियम, १८७२ या गोष्टीकडे तीन पायऱ्यांनी पाहतो, आणि सगळा वाद बहुधा विक्रेता यांपैकी कोणत्या पायरीवर उभा होता यावरच होतो. कलम १७ मध्ये ‘कपट’ सांगितले आहे: जी गोष्ट खरी नाही असे बोलणाऱ्याला स्वतःला ठाऊक आहे ती समोरच्याला फसवण्यासाठी खरी म्हणून मांडणे, किंवा माहीत असलेली वस्तुस्थिती प्रयत्नपूर्वक झाकणे. मीटर स्वतः फिरवणारा किंवा ते फिरवलेले आहे हे ठाऊक असून गिऱ्हाइकाला दाखवणारा विक्रेता या व्याख्येत सरळ बसतो, कारण मीटर मागे नेणे हे नुसते खोटे बोलणे नसून खऱ्या आकड्यावर पांघरूण घालणेही आहे. कलम १८ मधील ‘असत्य निवेदन’ याहून सौम्य आहे: बोलणाऱ्याला गोष्ट खरी वाटत असते, पण ती इतक्या ठामपणे सांगण्याजोगी माहिती त्याच्याजवळ नसते. लिलावातून किंवा दुसऱ्या दलालाकडून गाडी उचलून, कुठलीही चौकशी न करता ‘रनिंग जेन्युईन आहे’ असे छातीठोकपणे सांगणारा डीलर येथे येतो. तिसरी पायरी मौनाची आहे. नुसते गप्प राहणे सामान्यतः कपट ठरत नाही. मात्र परिस्थितीमुळे बोलणे कर्तव्य असेल किंवा गप्प राहण्याचाच अर्थ होकार असा होत असेल, तर ते कपट ठरते. अधिनियमाने हे समजावण्यासाठी घोड्याच्या विक्रीचे उदाहरण दिले आहे: तू नाकारले नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो, असे गिऱ्हाईक म्हणाल्यावर विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते.

मीटरवरचा आकडा हा कोणाचा शब्द आहे, असा प्रश्न येथे उभा राहतो, कारण तोंडाने काही न बोलता केवळ गाडी दाखवणारा विक्रेता ‘आकडा यंत्राने दाखवला, मी नाही’ असे म्हणू शकतो. करारातील निवेदन शब्दांनीच व्हावे लागते असे मात्र नाही, ते कृतीनेही होते. आणि किंमत सांगताना, जाहिरातीत छायाचित्र देताना किंवा दुकानातील पाटीवर लिहिताना विक्रेता तो आकडा वापरतो, तेव्हा तो त्याचेच विधान होतो. या अर्थाने विक्रेत्याच्या तोंडून ‘एकसष्ट हजार’ हे शब्द वदवून घेणे पुराव्याच्या दृष्टीने चांगले असले, तरी ते नसल्याने खरेदीदाराची बाजू संपत नाही.

कपट असो वा असत्य निवेदन, अशा संमतीने झालेला करार कलम १९ नुसार शून्यकरणीय ठरतो. शून्यकरणीय म्हणजे मुळातच निरर्थक नव्हे, तर फसवल्या गेलेल्या पक्षाने ठरवले तर रद्द करता येण्याजोगा, आणि त्याने ठरवले तर पुढे चालू ठेवता येण्याजोगा. करार चालू ठेवायचा असेल तर निवेदन खरे असते तर आपण ज्या स्थितीत असतो त्या स्थितीत आपल्याला आणून ठेवावे, असा आग्रह त्याला धरता येतो. याच कलमाला एक अपवाद जोडलेला आहे आणि जुन्या गाड्यांच्या दाव्यांत विक्रेत्याचा वकील त्याच्यावरच भर देतो: खरेदीदाराला सामान्य दक्षता घेऊन सत्य शोधून काढण्याची साधने उपलब्ध होती, तर त्याला करार रद्द करता येणार नाही. ‘शोरूममध्ये फोन करून सर्व्हिस रेकॉर्ड विचारता आले असते, मेकॅनिक सोबत आणता आला असता’ हा युक्तिवाद या अपवादावर उभा असतो. पण कलमाची शब्दरचना बारकाईने वाचली, तर अपवाद असत्य निवेदनाला आणि कपटी मौनाला लागू केलेला आहे, सक्रिय कपटाला नाही. जाणूनबुजून खोटा आकडा दाखवणाऱ्याला ‘तू तपासायला हवे होतेस’ असे म्हणण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही. म्हणून वादाचा कस लागतो तो विक्रेत्याला ठाऊक होते की नाही या मुद्द्यावर, आणि खरेदीदाराच्या वकिलाला आधी तीच गोष्ट सिद्ध करावी लागते.

गाडीविषयीच्या विधानाबाबत व्यावसायिक विक्रेता आणि घरगुती विक्रेता यांच्यात कायदा फरक का करतो, हे दोन इंग्रजी निकालांवरून स्पष्ट होते. १९५७ च्या ‘ऑस्कर चेस’ खटल्यात एका खासगी मालकाने आपली मॉरिस गाडी डीलरला देताना ती १९४८ ची असल्याचे नोंदणी-पुस्तिकेवरून सांगितले होते. पुस्तिकेत आधीच कोणीतरी फेरफार केलेला होता आणि गाडी प्रत्यक्षात १९३९ ची निघाली, तरी न्यायालयाने मालकाचे विधान ही हमी मानली नाही, कारण खरेखोटे कळण्याची सोय त्याच्यापेक्षा डीलरकडे अधिक होती. १९६५ च्या ‘डिक बेंटली’ खटल्यात परिस्थिती नेमकी उलटी होती. डीलरने बेंटली गाडी विकताना नवे इंजिन बसवल्यानंतर ती फक्त वीस हजार मैल चालल्याचे सांगितले होते, प्रत्यक्षात ती एक लाख मैलांच्या आसपास चालली होती. लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायपीठाने या विधानाला हमीचा दर्जा दिला, कारण गाडीचा इतिहास शोधणे डीलरला शक्य होते आणि ते त्याच्याकडून अपेक्षितही होते. अपील न्यायालयाचे हे निकाल भारतात बंधनकारक नसले तरी त्यांमागचा विचार येथेही लागू पडतो.

हे सगळे एका कल्पित पण बाजारात रोज घडू शकणाऱ्या सौद्यावर लावून पाहता येईल. समजा, ऑक्टोबर २०१७ मध्ये नोंदलेली एक डिझेल सेडान गाडी मार्च २०२५ मध्ये लातूरच्या डीलरने नांदेडच्या एका शिक्षकाला ६ लाख ४० हजार रुपयांना विकली आणि तेव्हा मीटरवर ६१,४०० किलोमीटर होते. साडेसात वर्षांत एकसष्ट हजार म्हणजे वर्षाला सव्वाआठ हजार. हा आकडा अशक्य नाही, पण डिझेल गाडीसाठी खटकणारा आहे, कारण डिझेलसाठी जादा पैसे मोजणारा माणूस बहुधा जास्त फिरणारा असतो. तीन आठवड्यांनी गाडी नांदेडच्या मेकॅनिककडे गेली, तेव्हा बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलकट झालेला एक गोल स्टिकर सापडला आणि त्यावर बॉलपेनने ‘पुढील ऑइल चेंज १,४७,०००’ असे लिहिलेले होते. मीटर फिरवणाऱ्याने आतले आसन, स्टिअरिंगचे कव्हर आणि ब्रेकच्या पेडलचे रबर बदलले होते, पण या स्टिकरकडे त्याचे लक्ष गेले नव्हते.

हा स्टिकर संशयाला पुरेसा असला तरी पुरावा म्हणून कच्चा आहे, कारण त्यावर तारीख नाही, गाडीचा क्रमांक नाही आणि तो कोणत्या गॅरेजने लावला हे सिद्ध करणे अवघड आहे. म्हणून शिक्षकाने गाडीच्या कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत चेसिस क्रमांक देऊन जुन्या नोंदी मागवल्या. अशा कार्यशाळांच्या संगणकात गाडी आत आल्यावर मीटरचा आकडा लिहिला जातो, आणि त्या यादीत शेवटची नोंद जून २०२१ ची, ९८,७६० किलोमीटरची निघाली. त्यानंतर गाडी अधिकृत कार्यशाळेत गेलीच नव्हती, कारण हमीची मुदत संपल्यावर बहुतेक मालक बाहेरच्या गॅरेजकडे वळतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, ती म्हणजे निवेदन खोटे होते हे सिद्ध करण्यासाठी गाडीचा खरा आकडा किती होता हे सांगणे आवश्यक नसते. जून २०२१ मध्ये ९८,७६० असलेले मीटर मार्च २०२५ मध्ये ६१,४०० दाखवू शकत नाही, आणि एवढी एकच नोंद विक्रेत्याचे निवेदन खोटे ठरवायला पुरते. खरा आकडा लागतो तो नुकसानभरपाई मोजताना. पहिल्या ४४ महिन्यांत गाडी ९८,७६० चालली म्हणजे महिन्याला सुमारे २,२४५. हाच वेग पुढच्या ४५ महिन्यांना लावला तर आणखी एक लाखाच्या आसपास भर पडते आणि एकूण आकडा दोन लाखांच्या घरात जातो. बॉनेटखालचा स्टिकर या अनुमानाला आधार देतो, आणि गाडीच्या जुन्या मालकाच्या फास्टॅग खात्याचा उतारा मिळाला तर टोलनाक्यांवरील फेऱ्यांवरून ते आणखी घट्ट होते. मात्र तो उतारा बँक दुसऱ्या कोणाला देत नाही. जुन्या मालकाने स्वतःहून दिला किंवा ग्राहक आयोगाने तो मागवला, तरच तो हाती येतो.

खरेदीदाराची नोटीस मिळाल्यावर डीलर बहुधा तीन बचाव एकामागून एक मांडतो. पहिला असा की मीटर-संच मध्यंतरी बदलला होता आणि नवा संच शून्यापासून सुरू झाला. हे खरेच घडते, पण तसे असेल तर संच बदलल्याचे जॉबकार्ड किंवा बिल कुठेतरी असते आणि ते दाखवण्याची जबाबदारी हा बचाव घेणाऱ्यावर येते. शिवाय ही गोष्ट विक्रीच्या वेळी न सांगता एकसष्ट हजारांचाच आकडा किमतीसाठी वापरला, तर मौनाचा प्रश्न उरतोच. दुसरा बचाव डिलिव्हरी नोटवर छापलेल्या ओळीचा: ‘गाडी जशी आहे तशी पाहून घेतली, नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही.’ अशी ओळ गाडीतल्या दिसणाऱ्या दोषांपुरती उपयोगी पडते, पण कपटाने मिळवलेल्या संमतीवर ती पांघरूण घालू शकत नाही, कारण स्वतःच्या कपटाच्या परिणामांतून आगाऊ सुटका करून घेण्याचा करार कायदा मान्य करीत नाही.

तिसरा बचाव मात्र खरोखर घातक असतो, आणि त्याची मुळे या बाजारातील कागदपत्रांच्या रीतीत आहेत. डीलर गाडी स्वतःच्या नावावर करून घेत नाही. मूळ मालकाकडून फॉर्म २९ आणि फॉर्म ३० यांवर, म्हणजे बोलीभाषेत ‘टीटीओ’च्या कागदांवर, खरेदीदाराचे नाव रिकामे ठेवून सह्या घेऊन ठेवतो आणि गिऱ्हाईक मिळाल्यावर त्याचे नाव भरतो. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत गाडी लातूरच्या मूळ मालकाकडून थेट नांदेडच्या शिक्षकाकडे गेलेली दिसते, आणि डीलर ‘मी फक्त मध्यस्थ, विकणारा मी नाही’ असे सांगायला मोकळा राहतो. हा बचाव मोडायचा तर पैसे कोणाच्या खात्यात गेले, टोकनची पावती कोणी दिली, जाहिरात आणि मीटरचे छायाचित्र कोणत्या क्रमांकावरून आले आणि किंमत कोणी ठरवली हे दाखवावे लागते. रोखीत व्यवहार करून दहा-वीस हजार वाचवणाऱ्या गिऱ्हाइकाला हा पुरावा पुढे जमवता येत नाही, आणि अनेक दावे तेथेच लंगडे पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश मूळ फोनमध्ये तसेच ठेवणे महत्त्वाचे असते, कारण त्यांच्या छापील प्रतीला दिवाणी किंवा फौजदारी न्यायालयात भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते.

तक्रार कोठे करावी याबाबत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने एक मोठी सोय केली आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात बहुधा विक्रेत्याच्या जिल्ह्यात किंवा जेथे व्यवहार झाला तेथेच जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगापुढे तक्रार करता येते, म्हणजे लातूरच्या डीलरविरुद्ध नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच येते, आणि ६ लाख ४० हजारांच्या सौद्यासाठी शुल्क अवघे २०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची असते. या अधिनियमात मालाचा दर्जा किंवा गुणवत्ता याबाबत खोटे निवेदन करणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ सांगितली आहे आणि तिच्यासाठी विक्रेत्याच्या मनातला हेतू सिद्ध करण्याची अट घातलेली नाही, त्यामुळे करार अधिनियमात ज्या मुद्द्यावर सगळे अडते तो येथे काहीसा हलका होतो.

शिक्षकापुढे आता दोन वाटा असतात. पहिली गाडी परत करून पैसे मागण्याची. तिच्यासाठी करार रद्द केल्याचे विक्रेत्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर गाडी वापरणे थांबवावे लागते, कारण फसवणूक कळल्यावरही गाडी महिनोन्‌महिने फिरवणाऱ्याने करार कबूल केला असे मानले जाण्याचा धोका असतो. गाडीवर कर्जाचा बोजा चढलेला असेल तर बँकेच्या संमतीशिवाय ती परत करता येत नाही आणि हप्ते चालूच राहतात, ही या वाटेतली मोठी अडचण आहे. दुसरी वाट गाडी ठेवून फरक मागण्याची. दोन लाख चाललेल्या तशाच गाडीची किंमत विमा सर्वेक्षक किंवा मूल्यांकक ४ लाख ६० हजार ठरवीत असेल, तर फरक १ लाख ८० हजारांचा होतो, आणि एकसष्ट हजारांच्या गाडीत जी दुरुस्ती निघाली नसती, उदाहरणार्थ क्लच किंवा टर्बोची, तिचा खर्च त्यावर मागता येतो. ज्याला गाडीची रोज गरज आहे अशा माणसाला बहुतेक वेळा ही दुसरी वाटच परवडते.

डीलर मोठ्या कंपनीच्या नावाने व्यवसाय करीत असेल तर त्या कंपनीलाही ओढता येईल का, याचे उत्तर गोव्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात सापडते. तेथे नवी २०११ ची गाडी म्हणून विकलेली मोटार प्रत्यक्षात २००९ मध्ये तयार झालेली, ६२२ किलोमीटर चाललेली आणि खालून गंजलेली निघाली होती. म्हणजे तेथे मीटर खरे बोलत होते आणि विक्रेता खोटे. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने डीलरची जबाबदारी कायम ठेवली, पण उत्पादक टाटा मोटर्सला मोकळे केले, कारण कंपनी आणि डीलर यांचे नाते मालक-मुनिमाचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते आणि डीलरच्या त्या कृत्यात कंपनीचा हात असल्याचे दाखवले गेले नव्हते. जुन्या गाड्यांच्या दुकानावर कंपनीची पाटी असली तरी दोघांमधला करार काय आहे हे पाहिल्याशिवाय कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, असा या निकालाचा येथे अर्थ होतो.

विकणारा कोणताही व्यापार न करणारा शेजारी किंवा नातेवाइकाचा ओळखीचा असेल, तर ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद राहतो, कारण तो अधिनियमाच्या अर्थाने व्यापारी नसतो. तेथे दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि करार रद्द करून घेण्याच्या दाव्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. जाणूनबुजून फसवल्याचा पुरावा असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद देता येते, पण सौदा करतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागत असल्याने पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ हे उत्तर ऐकावे लागण्याची शक्यता मोठी असते. मोटार वाहन अधिनियमात मीटर मागे फिरवण्यासाठी स्वतंत्र गुन्हा सांगितलेला नाही. अमेरिकेने १९७२ मध्येच त्यासाठी संघीय कायदा केला होता.

मूळ दुखणे खटल्यापेक्षा नोंदीचे आहे, आणि त्यावर बेल्जियमने केलेला उपाय सर्वांत नेमका वाटतो. तेथील २००४ च्या कायद्यानुसार गाडी कोणत्याही गॅरेजमध्ये गेली की मीटरचा आकडा एका मध्यवर्ती संस्थेला कळवावा लागतो, आणि जुनी गाडी विकताना या सर्व आकड्यांचे ‘कार-पास’ नावाचे प्रमाणपत्र खरेदीदाराला देणे बंधनकारक आहे; ते दिले नाही तर खरेदीदार सौदा रद्द करवून घेऊ शकतो. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी परिवहन कार्यालयाची अधिकृतता आली. अशा डीलरकडे गाडी आल्याची सूचना कार्यालयाला द्यावी लागते, ती ताब्यात असेपर्यंत तो मानीव मालक ठरतो, आणि त्या काळातील प्रत्येक फेरीची, चालवलेल्या अंतरासह, इलेक्ट्रॉनिक नोंदवही त्याला ठेवावी लागते. रिकाम्या टीटीओ फॉर्मवर सौदे करणाऱ्याचा ‘मी फक्त मध्यस्थ’ हा बचाव यामुळे बराच कमजोर होतो, म्हणून लातूर किंवा नांदेडमध्ये गाडी घेणाऱ्याने डीलरकडे मीटरच्या आकड्याआधी ते अधिकृतता प्रमाणपत्र मागणे अधिक फायद्याचे ठरते. मात्र ही नोंदवही सुरू होते ती गाडी डीलरच्या ताब्यात आल्यापासून. गाडी त्याच्या दारात येण्याआधीच मीटर मागे गेलेले असेल, तर नोंदवहीची पहिली ओळच त्या खोट्या आकड्याने लिहिली जाते.